फास्टिंग ९८, जेवणानंतर १९२: शुगरच्या सुरुवातीला दोन आकडे वेगळं का बोलतात

प्रश्न: माझं वय ४४. कंपनीच्या तपासणीत फास्टिंग ९८ आणि पीपी १९२ आली. आमचे डॉक्टर म्हणाले, फास्टिंग नॉर्मल आहे, काळजी नको. दादाचं नेमकं उलटं, त्याची फास्टिंग ११८ आणि पीपी १२६. आम्ही एकाच घरात राहतो, एकच जेवतो. मग शुगर नक्की कुणाला आहे आणि कुठला आकडा खरा धरायचा?

उत्तर:

या दोन कागदांवरून मी तुमच्यापैकी कुणालाही मधुमेही ठरवणार नाही आणि कुणालाही निर्धास्त घरी पाठवणार नाही. आकडे दोन्ही खरे धरायचे, कारण ते वेगवेगळ्या कामांबद्दल बोलतात. फास्टिंगचा आकडा मुख्यतः रात्रभर यकृत कसं वागलं ते सांगतो. जेवणानंतरचा आकडा सांगतो की स्वादुपिंडाने इन्सुलिन किती चटकन सोडलं आणि स्नायूंनी साखर किती उचलली. मधुमेह सुरू होताना ही कामं एकदम बिघडत नाहीत. तुमच्यात एक आधी ढिलं पडलेलं दिसतंय, दादांच्यात दुसरं.

रात्रीपासून सुरुवात करू. तुम्ही नऊला जेवलात तर उत्तररात्रीपर्यंत आतड्यातून येणारी साखर संपलेली असते. पण मेंदूला साखर चोवीस तास लागते, ताशी साधारण ५ ग्रॅम. ती यकृत पुरवतं, थोडी साठवलेल्या ग्लायकोजेनमधून आणि थोडी नव्याने तयार करून. ७० किलोच्या माणसात हा पुरवठा एकूण ताशी ८ ग्रॅमच्या आसपास असतो. तो प्रमाणाबाहेर जाऊ नये म्हणून स्वादुपिंड रात्रभर थोडं थोडं इन्सुलिन सोडत राहतं. इथे महत्त्वाचं असं की यकृताला आवरायला इन्सुलिन फार थोडं पुरतं, शिवाय स्वादुपिंडातून निघालेलं रक्त सगळ्यात आधी यकृतातच जातं. त्यामुळे स्वादुपिंड बरंच थकलेलं असलं तरी हे रात्रीचं काम ते पुष्कळ दिवस निभावून नेऊ शकतं. तुमची फास्टिंग ९८ दिसते ती अशी.

जेवणाचं काम याहून कितीतरी अवघड आहे. आपल्या सगळ्या रक्तात एका वेळी फिरणारी साखर जेमतेम ५ ग्रॅम असते. प्लेटभर पोहे आणि गोड चहाचे दोन कप घेतले की ६० ते ७० ग्रॅम कर्बोदकं पोटात जातात आणि त्यातली बहुतेक पुढच्या दोन-तीन तासांत ग्लुकोज होऊन रक्तात उतरतात. म्हणजे रक्तात जेवढी साखर आहे तिच्या दहा-बारा पट साखर आत येते, आणि तरीही निरोगी माणसाचा आकडा १४०च्या वर सहसा जात नाही.

हे जमतं ते स्वादुपिंडाच्या पहिल्या दहा मिनिटांतल्या कामामुळे. तिथल्या बीटा पेशी थोडं इन्सुलिन अगदी तयार ठेवतात. साखर चढायला लागली की ते लगेच बाहेर पडतं. हा पहिला हप्ता मोठा नसतो, पण तो थेट यकृतापाशी जातो आणि यकृत आपला पुरवठा आवरतं घेतं. मग सावकाश, मोठ्या प्रमाणात दुसरा हप्ता येतो आणि त्याच्या जोरावर स्नायू साखर आत ओढतात. टाइप २ मधुमेहाच्या वाटेवर सगळ्यात आधी जाणाऱ्या गोष्टींपैकी एक म्हणजे हा पहिला हप्ता. तो गेला की जेवणाची साखर येत असतानाही यकृत स्वतःची साखर सोडतच राहतं. एकाच टाकीत दोन नळ सोडल्यासारखं होतं आणि तासाभरात आकडा २००च्या घरात पोहोचू शकतो.

पुढची गोष्ट रुग्ण स्वतः ओळखू शकतात, पण तिच्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. पहिला हप्ता चुकल्यामुळे साखर वर जाते. मग उशिरा जागं झालेलं स्वादुपिंड गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन सोडतं आणि जेवणानंतर तीन-चार तासांनी साखर झपकन खाली येते. साडेआठला भरपेट नाश्ता करूनही बारा वाजता हातपाय थरथरतात, घाम येतो, काहीतरी गोड खावंसं वाटतं. लोक याला अशक्तपणा किंवा पित्त म्हणतात आणि बिस्किटं खातात. असं प्रत्येकाला होतं असं नाही, आणि होतं त्या प्रत्येकाला मधुमेह होतो असंही नाही. पण तुमच्या १९२च्या जोडीला हे होत असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.

आता दादा. त्यांचा ११८ हा आकडा रात्रीचा आहे. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या हिशेबात १०० ते १२५ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात ११० ते १२५ ही फास्टिंगची मधली, मधुमेहापूर्वीची पायरी आहे. ते दोन्हीत बसतात. त्यांचं यकृत रात्रीच्या थोड्या इन्सुलिनला दाद देत नाही. याचं नेहमीचं कारण यकृतात साठलेली चरबी, आणि तिची बाहेरची खूण म्हणजे सुटलेलं पोट. रात्री साडेदहाचं भरगच्च जेवण, कमी झोप, मोठं घोरणं हे त्यात भर घालतात. रात्री झोपेत सुटणारं ग्रोथ हार्मोन आणि पहाटे वाढणारं कॉर्टिसॉल या यकृताला आणखी ढकलतात. जेवल्यावर मात्र इन्सुलिनचा मोठा लोट येतो, तेव्हा हेच यकृत ऐकतं. स्नायू अजून चांगले असले तर ते साखर उचलतात, आणि दोन तासांनी आकडा १२६ म्हणजे फास्टिंगच्या जवळच सापडतो. अशा वेळी मशीन चुकलं असं लोकांना वाटतं. तसं असेलच असं नाही.

पण मशीनच्या आधीही आकडा बिघडू शकतो, म्हणून दोघांचे रिपोर्ट कसे निघाले ते मी आधी विचारीन. पीपीचे दोन तास जेवणाच्या पहिल्या घासापासून मोजायचे असतात. लॅबच्या बाहेर दोन इडल्या खाऊन, तासभर बाजारात फिरून अडीच तासांनी रक्त दिलं तर १२६ येण्यात नवल नाही. उलट लग्नातलं जेवण जेवून दिलं तर कुणाचाही आकडा नेहमीपेक्षा वर दिसेल. पीपीला ठरलेलं जेवण नसतं, म्हणूनच तिच्यावरून मधुमेहाचं निदान करत नाहीत. ती शंका दाखवते, निकाल देत नाही. अपवाद एकच: खूप तहान, वारंवार लघवी, वजन घटणं अशी स्पष्ट लक्षणं असताना कोणत्याही वेळची साखर २०० किंवा त्याहून जास्त आली तर निदान झालं असं धरतात.

कंपनीच्या शिबिरात आणखी एक घोळ होतो. रक्त नळीत काढल्यावरही त्यातल्या पेशी साखर खात राहतात. साध्या नळीत ठेवलेल्या नमुन्यातली साखर दर तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी उतरते. कँटीनमध्ये सकाळी सातला घेतलेलं रक्त दुपारी लॅबमध्ये तपासलं गेलं असेल तर तुमची ९८ प्रत्यक्षात ११०च्या पुढे असू शकते. राखाडी बुचाच्या फ्लोराइडच्या नळीत हे उतरणं बरंच थांबतं, पण पहिल्या तास-दोन तासांतलं पूर्ण थांबत नाही. म्हणून फास्टिंग पुन्हा करायची ती लॅबमध्ये जाऊन, जिथे नमुना लगेच तपासला जातो. आधी किमान ८ तास पाण्याशिवाय काही नको, बिनसाखरेचा दुधाचा चहासुद्धा नको.

खरा उलगडा होतो तो ७५ ग्रॅम ग्लुकोजच्या चाचणीत, आणि तुम्हा दोघांनाही मी तीच सांगेन. आधीचे तीन दिवस नेहमीसारखं जेवायचं, भात-पोळी सोडायची नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण रिपोर्ट पाहून घाबरलेला माणूस आठवडाभर भात बंद करतो आणि मग चाचणीला येतो. कर्बोदकांची सवय सुटलेल्या शरीरात अचानक ७५ ग्रॅम ग्लुकोज गेलं की आकडा उगाच जास्त येतो. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं, २५० ते ३०० मिली पाण्यातलं ग्लुकोज पाच मिनिटांत संपवायचं, आणि दोन तास शांत बसायचं. चालायचं नाही, सिगारेट नाही. दोन तासांचा आकडा १४०च्या आत असेल तर ठीक. १४० ते १९९ म्हणजे मधली पायरी. २०० किंवा जास्त म्हणजे मधुमेह. फास्टिंगसाठी ही रेषा १२६ आहे. लक्षणं नसतील तर एका बिघडलेल्या आकड्यावर शिक्का मारत नाहीत, दुसऱ्या आकड्याने किंवा दुसऱ्या दिवशीच्या तपासणीने तो पक्का करतात.

तुमच्यासारखेच आकडे घेऊन आलेल्या एका बाईंचं सांगतो, म्हणजे ही वाट डोळ्यासमोर येईल. वय ४७, बँकेत नोकरी, वजन ५८ किलो, आईला मधुमेह. फास्टिंग ९६, पीपी १८८. ग्लुकोजच्या चाचणीत फास्टिंग ९७, एका तासाला २१४, दोन तासांना १७१. एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, ५.९. म्हणजे मधुमेह नाही, पण जेवणानंतरची मधली पायरी नक्की आहे. मग मी त्यांना घरच्या ग्लुकोमीटरवर एक आठवडा जोड्या मोजायला सांगितल्या: रोज एकाच जेवणाच्या आधी आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनी, जेवण दररोज वेगळं. पोहे आणि गोड चहा, १०१ वरून १८४. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, कोशिंबीर, १०३ वरून १३८. रात्रीचा वरणभात आणि बटाट्याची भाजी, १०६ वरून १७६. तोच वरणभात, पण आधी कोशिंबीर आणि उसळ, भात निम्मा आणि जेवणानंतर वीस मिनिटं चालणं, १०४ वरून १४६. चतुर्थीची साबुदाण्याची खिचडी, ९९ वरून १९७. तो शेवटचा आकडा पाहून त्या बराच वेळ गप्प होत्या, कारण उपासाच्या दिवशी आपण साखर वाचवतो अशी त्यांची समजूत होती.

या जोड्यांमधला फरक वाचायचा असतो, नुसता नंतरचा आकडा नाही. जेवणाआधी १०३ आणि नंतर १३८ असेल तर ते जेवण शरीराला झेपलं. ८० च्या आसपास चढ दिसला तर नाही झेपलं. घरच्या मशीनबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. चांगल्या मशीनलाही १५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, म्हणून १३८ आणि १४६ यांत भेद करत बसू नका. आणि बोटातलं रक्त जेवणानंतर शिरेतल्या रक्तापेक्षा जास्त आकडा दाखवतं, कारण ते स्नायूंनी साखर उचलण्याआधीचं रक्त असतं. उपाशीपोटी हा फरक जवळजवळ नसतो. आंबा कापलेल्या हाताने टोचलं तर काय दिसेल ते सांगायला नको. हात साबणाने धुऊन कोरडे करा.

तुम्ही विचाराल, एकच जेवण जेवून दोघा भावांत असा फरक कसा? जेवण एक असलं तरी स्नायू, पोटाची चरबी, झोप आणि बीटा पेशींची ताकद एक नसते. आपल्याकडे जेवणानंतरचा बिघाड फास्टिंगच्या आडोशाला लपलेला वारंवार सापडतो, आणि त्याची मुळं मागे जातात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं मोजली. इंग्लंडमधल्या बाळांच्या तुलनेत ती साधारण ८०० ग्रॅमने हलकी होती, पण त्यांच्यात कमी होते ते मुख्यतः स्नायू. चरबी त्या मानाने टिकून होती. स्नायू हेच जेवणानंतरच्या साखरेचं सगळ्यात मोठं कोठार. ते मुळात लहान आणि वरून ताटात भात, पोहे, पोळी, साबुदाणा यांचा भर, तर वजनकाट्यावर बारीक दिसणाऱ्या माणसाचीही पीपी चढते यात मला आश्चर्य वाटत नाही. त्या ५८ किलोच्या बाईंचं तेच झालं होतं.

आजार पुढे सरकतो तसा दोन आकड्यांचा वाटाही बदलतो. फ्रान्समधल्या माँपेलिए इथे लुई मोनिए आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हे मोजून दाखवलं. ज्या रुग्णांचं एचबीए१सी ७.३ च्या खाली होतं, त्यांच्यात दिवसाच्या जादा साखरेचा सुमारे ७० टक्के भाग जेवणानंतरच्या चढांचा होता. एचबीए१सी १०.२ च्या वर गेलं की हिशेब उलटा, तिथे सुमारे ७० टक्के भाग उपाशीपोटीच्या साखरेचा. म्हणून तुमच्या टप्प्यावर फक्त फास्टिंग पाहणं मला अजिबात मान्य नाही. नुसती फास्टिंग पाहत राहिलं तर ती १२६ ओलांडेपर्यंत काही वर्षं हातची जाऊ शकतात.

आणि ही वर्षं उपयोगी असतात. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या भारतीय अभ्यासात, जो २००६ साली प्रसिद्ध झाला, नेमके तुमच्यासारखे, ग्लुकोजच्या चाचणीत दोन तासांना मधल्या पायरीवर सापडलेले लोक घेतले होते. फक्त नेहमीचा सल्ला दिलेल्या गटात तीन वर्षांत ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार आणि चालणं नेटाने करणाऱ्या गटात तो ३९ टक्क्यांवर राहिला. मेटफॉर्मिनची छोटी मात्रा घेणाऱ्यांतही जवळपास तेवढाच, ४० टक्के. दोन्ही एकत्र करून त्याहून जास्त फायदा दिसला नाही. यातला ५५ चा आकडा मी रुग्णांना आवर्जून सांगतो, कारण ‘बॉर्डरलाइन आहे, बघू’ असं म्हणण्याची किंमत त्यात दिसते.

उपायांतही तुम्हा भावांत थोडा फरक राहील. तुमचा भर जेवणाच्या रचनेवर आणि स्नायूंवर. ताटात आधी कोशिंबीर, भाजी, उसळ किंवा अंडं, मग पोळी-भात. सकाळचे पोहे निम्मे करून त्यात मटार, शेंगदाणे आणि बाजूला ताक किंवा उकडलेली अंडी. चहातली साखर बंद. आणि मोठ्या जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत पंधरा-वीस मिनिटं चालणं. चालणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता साखर आत घेतो, म्हणून ही वेळ महत्त्वाची. सोबत आठवड्यातून दोन-तीनदा बैठका, दंड, वजन उचलणं, म्हणजे कोठार वाढेल. दादांचा भर यकृतावर. वजन ५ ते ७ टक्क्यांनी उतरवणं, रात्रीचं जेवण आठच्या आत आणि हलकं, दारू असेल तर बंद, झोप पुरेशी. मोठं घोरणं आणि दिवसा पेंग असेल तर झोपेत श्वास अडकतो का ते तपासून घ्यावं. त्यांनी सोनोग्राफी आणि यकृताच्या चाचण्याही कराव्यात. रात्री उपाशी झोपून सकाळचा आकडा उतरवण्याचा प्रयोग करू नका. तो आकडा रात्रीच्या पोळीचा नसून यकृताचा आहे. मेटफॉर्मिन मुख्यतः यकृताचा पुरवठा कमी करतं, म्हणून फास्टिंगवर त्याचा परिणाम जास्त दिसतो. ते लागेल की नाही हे ग्लुकोजच्या चाचणीनंतर डॉक्टर ठरवतील. दुसऱ्याच्या डब्यातली गोळी सुरू करू नका.

एचबीए१सी दोघांनीही करा, पण त्यालाच अंतिम शब्द मानू नका. ते दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं आणि सरासरीत जेवणानंतरचे चढ बुडून जातात, त्या बाईंचं ५.९ पाहा. शिवाय लोहाची कमतरता असलेल्या अ‍ॅनिमियात ते खोटं वाढतं, आणि नुकताच मोठा रक्तस्राव झाला असेल किंवा लाल पेशी लवकर फुटत असतील तर खोटं कमी येतं. विदर्भातल्या काही समाजांत सिकलसेल बराच आढळतो. घरात तो किंवा थॅलेसेमिया असेल तर लॅबला आधी सांगा.

तुमच्या आकड्यांना आणखी एक कारण असू शकतं, ते विचारायचं राहून जातं: स्टेरॉइड. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी सकाळी घेतलेली प्रेडनिसोलोनची गोळी दुपारची आणि संध्याकाळची साखर चढवते, पण दुसऱ्या दिवशीची फास्टिंग साफ दिसू शकते. नाव नसलेल्या पुड्यांमधूनही स्टेरॉइड पोटात जातं. तपासणीच्या आसपास असं काही घेतलं असेल तर आधी ते डॉक्टरांना सांगा, मात्र चालू गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका.

ग्लुकोजची चाचणी पुढच्या दोन-तीन आठवड्यांत करून घ्या. मधली पायरी निघाली तर तीन-चार महिने वर सांगितलेलं पाळून घरच्या जोड्या पुन्हा मोजा आणि वर्षातून एकदा फास्टिंग व ग्लुकोजनंतरचा आकडा दोन्ही तपासा. मधल्या काळात वजन आपोआप घटायला लागलं, रात्री लघवीला तीन-चारदा उठावं लागलं किंवा तहान भागेना, तर वर्ष पुरं होण्याची वाट पाहू नका, त्याच आठवड्यात साखर तपासा. मधुमेह मुरलेला नसताना फास्टिंगसुद्धा काही आठवड्यांत झपाट्याने चढली, तर त्यामागे इन्सुलिनच कमी पडणारा वेगळा मधुमेह किंवा स्वादुपिंडाचा आजार असू शकतो आणि त्याचे उपचार वेगळे असतात.